दोनशे बावन्न दिवसांचे व्याज

पीक कर्ज उचलताना सगळे सोबत असतात, फेडताना मात्र आपण एकटेच खिडकीसमोर उभे असतो. वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, २०२३ पर्यंत हा व्यवहार पाहत होते. त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडल्यावर शेती माझ्या नावावर झाली आणि २०२४ च्या खरिपात मी पहिल्यांदा स्वतःच्या सहीने किसान क्रेडिट कार्डावर कर्ज घेतले. लातूर जिल्ह्यातली सहा एकर जमीन, पीक सोयाबीन आणि तालुक्याच्या गावातील एका राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा. ते कर्ज मी १८ फेब्रुवारी २०२५ रोजी एकरकमी फेडले. त्या आठ महिन्यांत मला सर्वांत जास्त ज्याने छळले ते म्हणजे व्याजाचा हिशेब, म्हणून तो येथे तारखांसकट मांडत आहे.

कर्जमंजुरीच्या कागदांचा पाढा वाचत नाही. सातबारा, आठ-अ, आधार, इतर बँकांची व सोसायटीची बेबाकी म्हणजे देणे नसल्याचे दाखले, एवढ्यावर काम झाले. मे महिन्यात अर्ज दिला आणि जिल्हास्तरीय समितीने सोयाबीनसाठी ठरवलेल्या हेक्टरी दराप्रमाणे १,४०,००० रुपयांची मर्यादा मंजूर झाली. मंजुरीपत्रावर दोन ओळी होत्या, ज्यांचा अर्थ मला तेव्हा नीट कळला नव्हता. पहिली ओळ अशी की व्याज द.सा.द.शे. ७ राहील आणि ते प्रत्यक्ष बाकीवर दिवसांप्रमाणे आकारले जाईल. दुसरी अशी की परतफेड पीकविक्रीनंतर एकरकमी, ३१ मार्च २०२५ च्या आत करावी.

आण्णांनी तेव्हा एकच सल्ला दिला. ते म्हणाले, "सगळे एकदम उचलू नको. बी-खताला लागतील तेवढे आता काढ, फवारणीचे फवारणीला." किसान क्रेडिट कार्डाचे खाते उचल-भरणा करता येणारे असते; मर्यादा मंजूर झाली म्हणून व्याज सुरू होत नाही, ज्या दिवशी रक्कम खात्यातून बाहेर पडते त्या दिवसापासून तेवढ्याच रकमेवर ते सुरू होते. त्यानुसार मी ११ जून २०२४ रोजी एक लाख रुपये काढले आणि उरलेले चाळीस हजार २२ जुलै रोजी. दोन तारखांमध्ये ४१ दिवसांचे अंतर आहे. चाळीस हजारांवरचे ४१ दिवसांचे ७ टक्क्यांनी व्याज ३१४ रुपयांच्या आसपास होते. रक्कम फार मोठी नाही, पण त्या पैशात घरचे दोन लिटर तेल आले असते, आणि पैसे घरात पडून राहिले असते तर दुसऱ्याच कशात तरी खर्च झाले असते, हे मी स्वतःविषयी खात्रीने सांगू शकतो.

दुसऱ्या उचलीच्या दिवशी मी एका शंभर पानी वहीत उचलीच्या दोन्ही तारखा लिहून ठेवल्या. पुढे ही वहीच उपयोगी पडली.

व्याज मोजण्याची पद्धत शाळेतल्या सरळव्याजासारखीच आहे. फक्त वर्षांऐवजी दिवस घ्यायचे असतात. रक्कम गुणिले दिवस गुणिले दर, आणि आलेल्या संख्येला ३६,५०० ने भागायचे. यातील ३६,५०० म्हणजे वर्षाचे ३६५ दिवस गुणिले शंभर. दिवस मोजताना मात्र प्रत्येक जण एकदा तरी चुकतो, कारण उचलीचा दिवस धरायचा की भरण्याचा, की दोन्ही, असा प्रश्न पडतो. संगणक दिवसअखेरची बाकी पाहतो. ११ जूनच्या रात्री माझ्या खात्यावर एक लाखाची बाकी होती, म्हणून तो दिवस धरला गेला. ज्या दिवशी मी पैसे भरले त्या दिवसाच्या शेवटी बाकी शून्य होती, म्हणून तो दिवस धरला गेला नाही. एवढे लक्षात ठेवले की बोटांवर मोजतानाही चूक होत नाही.

पूर्ण १,४०,००० वर ७ टक्क्यांनी एका दिवसाचे व्याज २६ रुपये ८५ पैसे होते. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि पुढचे सगळे निर्णय त्याच्याशी ताडून पाहिले.

सोयाबीन ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात काढले. सप्टेंबरच्या सततच्या पावसाने खालच्या बाजूच्या एकरभर रानातल्या शेंगा डागाळल्या होत्या. बाकीचे बरे होते. कापलेल्या पिकाची बनीम लावून, ताडपत्री झाकून, ऊन पडल्यावर मळणी केली. सगळे मिळून ४८ क्विंटल झाले, त्यातील दोन क्विंटल बियाणासाठी बाजूला ठेवले. बाजारात भाव क्विंटलला चार हजारांच्या थोडा पुढे होता आणि त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झालेला होता. काढणीच्या मजुरांचे, मळणीयंत्राचे आणि दिवाळीचे पैसे देणे भागच होते, म्हणून ५ नोव्हेंबर रोजी १२ क्विंटल बाजार समितीत नेऊन ४,१५० रुपयांनी विकले. उरलेल्या ३४ क्विंटलचे काय करावे, यावर घरात वाद झाला.

माझ्या पत्नीचे म्हणणे होते की सगळे विकून कर्ज भरून मोकळे व्हावे, कारण रोज व्याज चढते आहे. कर्जाच्या बाबतीत आपल्या सगळ्यांच्या मनात हीच भीती असते, आणि ती चुकीची नाही. सावकाराच्या व्याजाने पोळलेल्या घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या आलेली असते. मी वही काढून तिच्यासमोर हिशेब केला. रोजचे २६ रुपये ८५ पैसे ३४ क्विंटलवर वाटले, तर क्विंटलमागे दिवसाला ७९ पैसे पडतात. शंभर दिवस थांबलो तर क्विंटलला ७९ रुपये व्याज. बाजारभाव आणि हमीभाव यांत ७४२ रुपयांचे अंतर होते. म्हणजे हमीभावाने खरेदी होणार असेल, तर शंभर दिवस थांबणे परवडत होते. खरेदी होणार नसेल आणि केवळ भाव वाढेल या आशेवर थांबायचे असेल, तर मात्र हा हिशेब जुगाराचा झाला असता. हमीभावाच्या खरेदीसाठी नोंदणी ऑक्टोबरमध्येच केलेली होती, म्हणून थांबण्याचा निर्णय घेतला.

या वेळी एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, ती नंतर बँकेतच कळली. बाजारातून आलेल्या पैशातले वीस हजार मी ५ नोव्हेंबरलाच कर्जखात्यात भरले असते, तर तेवढ्या बाकीवरचे १०५ दिवसांचे सुमारे ४०० रुपये व्याज वाचले असते. मंजुरीपत्रात परतफेड 'एकरकमी' लिहिलेली असली तरी मध्ये भरायला कोणी मनाई करत नाही. मुदतीच्या दिवशी बाकी शून्य असणे महत्त्वाचे. माझ्याकडे मजुरी देऊन तसे पैसे उरलेच नव्हते, पण ज्यांच्याकडे उरतात त्यांनी ते बचत खात्यात पडू देऊ नयेत.

खरेदी केंद्रावरचे दिवस मात्र मनःस्ताप देणारे होते. नोंदणीनंतर संदेश येईल, मगच माल आणा, असे सांगितले होते. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. मध्येच बारदाना संपला म्हणून खरेदी थांबली. मोबाइलची घंटी वाजली की आण्णा विचारायचे, "आला का मेसेज?" शेवटी तो जानेवारीत आला आणि २० जानेवारी २०२५ रोजी ट्रॅक्टरमध्ये ३४ क्विंटल भरून मी केंद्रावर गेलो. सकाळी सहाला रांगेत लागलो, माप संध्याकाळी सातला झाले. ओलाव्याची अडचण आली नाही. जानेवारीपर्यंत दाणा इतका वाळलेला असतो की दाताखाली कडक लागतो. पावती मिळाली, पैसे नाहीत. पैसे खात्यावर १३ फेब्रुवारीला आले, १,६६,३२८ रुपये. पावती आणि पैसे यांमधले २४ दिवस मी रोज बँकेचे ॲप उघडत होतो आणि रोज २६ रुपये ८५ पैसे वहीत मिळवत होतो.

याच काळात गावात दुसरी चर्चा जोरात होती. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कर्जमाफीचे आश्वासन दिले गेले होते, आणि त्यामुळे अनेकांनी भरायचे थांबवले होते. आमचे चुलते मला पारावर म्हणाले, "अरे, माफी येणारच आहे. तू भरशील आणि आम्ही सुटू, मग बस डोक्याला हात लावून." हे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत थकलेल्यांचे दोन लाखांपर्यंतचे कर्ज माफ झाले होते आणि नियमित फेडणाऱ्यांसाठी पन्नास हजारांपर्यंतची प्रोत्साहनपर रक्कम ठरली होती. ती आण्णांच्या खात्यावर येईपर्यंत २०२२ उजाडले. नियमित भरणारा मूर्ख ठरतो, ही भावना आमच्या घरात अनोळखी नाही. तरी मी हिशेब असा केला की माफी कोणत्या तारखेच्या थकबाकीला मिळेल, कोणाला मिळेल, हे कागदावर काहीच नव्हते; ३१ मार्च ही तारीख मात्र माझ्या मंजुरीपत्रावर छापलेली होती. पुढे २८ मार्चला तत्कालीन उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री अजित पवार यांनी बारामतीत, ३१ मार्चच्या आत पीक कर्जाचे पैसे भरा, असे जाहीरपणे सांगितले. त्या दिवशी शाखेत काय गर्दी उसळली असेल याची कल्पना करता येते. मी तोवर मोकळा झालो होतो, पण चुलत्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे मी आजही म्हणणार नाही.

त्या छापील तारखेला एवढे महत्त्व का, हे येथे सांगणे आवश्यक आहे. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज ७ टक्क्यांनी मिळते, कारण केंद्र सरकार बँकेला व्याजाचा काही भाग देते. वेळेत फेडणाऱ्या शेतकऱ्याला केंद्राकडून आणखी ३ टक्क्यांची सवलत मिळते, म्हणजे व्याज ४ टक्क्यांवर येते. बँकेने ठरवलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत उचलीपासून एका वर्षाच्या आत, पैसे भरलेले असले पाहिजेत. याखेरीज राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे. तिच्यात ३० जूनपर्यंत पूर्ण परतफेड करणाऱ्याला तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर ३ टक्के मिळतात. मुदत एका दिवसाने चुकली तर त्या एका दिवसाचे २७ रुपये जात नाहीत, तर संपूर्ण काळाची सवलत जाते. माझ्या खात्यावर केंद्राची ३ टक्के सवलत २,७६५ रुपये होत होती. म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी थांबणे स्वस्त होते, पण ३१ मार्च ओलांडणे महाग पडले असते. व्याजाची भीती बाळगायची ती रोजची नाही, त्या एका दिवसाची.

१३ फेब्रुवारीच्या रात्री मी ॲपवर कर्जखाते उघडले. बाकी दिसली १,४२,६९३ रुपये. वहीप्रमाणे माझा आकडा १,४६,३०० च्या पुढे जात होता. साडेतीन हजारांहून जास्त फरक पाहून मला आधी आनंद झाला. सरकारने काहीतरी परस्पर जमा केले असावे असे वाटले. पत्नी म्हणाली, "बँक स्वतःहून कमी कशाला घेईल?" तिचा प्रश्न रास्त होता.

उत्तर उताऱ्यातच होते. ३० सप्टेंबरला सहामाही व्याज खात्यावर नावे टाकलेले, म्हणजे बाकीत मिळवलेले होते: एक लाखाचे ११२ दिवसांचे २,१४८ आणि चाळीस हजारांचे ७१ दिवसांचे ५४५, एकूण २,६९३ रुपये. त्यानंतर १ ऑक्टोबरपासून चढलेले व्याज संगणकात रोज मोजले जात होते, पण खात्यावर अजून नावे पडलेले नव्हते. ॲप फक्त नावे पडलेली बाकी दाखवते. पुढचे व्याज मार्चअखेर किंवा पूर्ण परतफेडीच्या वेळी नावे पडते.

आमच्या शिवेलगतच्या एका शेतकऱ्याचे आदल्या वर्षी याच फरकाने नुकसान झाले होते. त्यांनी ॲपवर दिसली तेवढी रक्कम मोबाइलवरून भरली, ॲपने शून्य दाखवले, आणि ते निश्चिंत झाले. मार्चअखेरीस उरलेले तीनेक हजार व्याज नावे पडले. संदेश आला होता, पण तो कशाचा हे त्यांना कळले नाही. जूनमध्ये नवे कर्ज मागायला गेले तेव्हा खाते थकीत निघाले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. शाखेत गेलो तर शेती कर्ज पाहणारे अधिकारी रजेवर होते. काउंटरवरच्या ताईंनी संगणकावर पाहून एका जुन्या स्लिपच्या पाठीमागे आकडा लिहून दिला: १,४६,३४५. मी घरी येऊन वहीशी ताडला. १ ऑक्टोबर ते १३ फेब्रुवारी १३६ दिवस, व्याज ३,६५२, बरोबर होता. साहेब सोमवारी भेटतील असे सांगितले होते. सोमवारी गेलो तर दुपारपर्यंत संगणकाची लाइन नव्हती. बाकावर बसलेल्या एका आजोबांनी तंबाखू मळत विचारले, "भरायला आलास का काढायला?" भरायला, म्हटल्यावर ते म्हणाले, "मग बस. काढायला आलेल्यालाच घाई असते." तीन वाजता परत निघालो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी. १९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी असल्याने त्या दिवशी काम व्हायलाच हवे असे ठरवून साडेदहाला शाखेत होतो. बचत खात्यातून कर्जखात्यात रक्कम वळवण्याची स्लिप मी घरूनच भरून आणली होती, आकडा शुक्रवारचा, १,४६,३४५. अधिकाऱ्यांनी स्लिप पाहिली, संगणकावर एक बटण दाबले आणि स्लिप परत दिली. "हा आकडा कधीचा आहे?"

"शुक्रवारचा, साहेब."

"आज मंगळवार आहे ना? चार दिवस झाले. एकशे सात रुपये वाढले."

मी स्वतः रोज २६ रुपये ८५ पैसे लिहिणारा माणूस, आणि स्लिप मात्र शुक्रवारच्या आकड्याची भरून आणली होती. रविवारी बँकेचा व्यवहार बंद असला तरी व्याज बंद नसते, हे मला माहीत होते. पण कागदावर लिहून मिळालेल्या आकड्यावर आपला विश्वास वहीपेक्षा जास्त बसतो. तेवढेच १०७ रुपये राहिले असते तर खाते शून्य झाले नसते, आणि भरलेली रक्कम आधी व्याजात व मग मुद्दलात वळती होत असल्यामुळे ती शिल्लक मुद्दलाची राहिली असती. नवी स्लिप लिहिली: १,४६,४५२. अक्षरी लिहिताना 'एक लाख सेहेचाळीस हजार चारशे बावन्न' यातल्या 'सेहेचाळीस'वर हात अडखळला आणि तिसरी स्लिप घ्यावी लागली.

स्लिप देताना अधिकाऱ्यांनी विचारले, "खाते बंद करायचे की फक्त नील करायचे?" हा प्रश्न ऐकण्याची तयारी ठेवून जावे. बंद केले तर मर्यादाच संपते आणि पुढच्या वर्षी सगळे कागद नव्याने द्यावे लागतात. नील केले तर बाकी शून्य होते, मर्यादा कायम राहते आणि नव्या हंगामात नूतनीकरणाच्या सहीवर पुन्हा उचल करता येते. मी नील म्हणालो. त्यामुळेच सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बँकेचा बोजा तसाच राहतो. पैसे भरूनही नाव का जात नाही, म्हणून तलाठ्याकडे धावू नये. तो बोजा खाते बंद करून दाखला घेतल्यावरच उतरतो.

उतारा छापून घेतला. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: व्याज नावे ३,७५९, जमा १,४६,४५२, बाकी ०.००. मी तिथेच उभा राहून वहीशी ताडून पाहिले. १ ऑक्टोबर ते १७ फेब्रुवारी १४० दिवस, १,४०,००० वर ७ टक्क्यांनी ३,७५८ रुपये ९० पैसे, पूर्णांकात ३,७५९. एक गोष्ट मुद्दाम तपासली, तीही सांगतो. मुदतीतल्या पीक कर्जावर व्याजावर व्याज लावायचे नसते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे ऑक्टोबरपासूनचे व्याज मूळ १,४०,००० वरच निघायला हवे, सप्टेंबरचे २,६९३ मिळवून झालेल्या १,४२,६९३ वर नव्हे. तसे निघाले असते तर ७२ रुपये जास्त आले असते. माझ्या खात्यावर ते बरोबर होते. पहिल्या उचलीचे २५२ दिवस, दुसरीचे २११ दिवस, दोन्ही मिळून एकूण व्याज ६,४५२ रुपये. पैसाही इकडेतिकडे नव्हता.

बचत खात्यावर १९,८७६ रुपये उरले. आठ महिन्यांची मेहनत आणि हा आकडा एका ओळीत पाहिल्यावर पोटात खड्डा पडला, हे लपवत नाही. बाजारातल्या १२ क्विंटलचे पैसे आधीच संपले होते. बाहेर येऊन चहा घेतला आणि आण्णांना फोन लावला. त्यांनी फक्त एवढेच विचारले, "दाखला घेतलास का?" घेतला नव्हता. परत आत गेलो आणि त्या तारखेस बाकी शून्य असल्याचे पत्र शिक्क्यासह मागितले. अधिकाऱ्यांनी जरा कुरकुर करून, पण पंधरा मिनिटांत दिले.

केंद्राची ३ टक्के सवलत त्या दिवशी कापून मिळाली नाही. ७ टक्क्यांनीच पूर्ण भरावे लागले. गावात 'शून्य टक्के' हे शब्द सर्रास वापरले जातात, पण ते गृहीत धरून कमी पैसे घेऊन शाखेत जाणाऱ्याची फजिती होते. आधी पूर्ण व्याज भरा, सवलत मागून जमा होते. माझे २,७६५ रुपये २६ मार्च रोजी जमा झाले. एक लाखावर २५२ दिवसांचे ३ टक्क्यांनी २,०७१ आणि चाळीस हजारांवर २११ दिवसांचे ६९४, असा हिशेब जुळला. राज्याच्या योजनेसाठी पात्र खात्यांचा प्रस्ताव बँक सहकार खात्याकडे पाठवते आणि रक्कम तिकडून येते. एप्रिलमध्ये जाऊन माझे नाव यादीत आहे एवढे पाहून आलो. आधार क्रमांक व बचत खात्याचा क्रमांक यादीत बरोबर असल्याची खात्री तेव्हाच करून घेतली, कारण आण्णांचे एक वर्ष त्यातल्या एका चुकीच्या अंकात अडकले होते. हे लिहीत असताना, जुलै २०२५ मध्ये, ती रक्कम अजून आलेली नाही.

नूतनीकरणात मर्यादा दहा टक्क्यांनी वाढून १,५४,००० झाली. या वर्षी ९ जूनला मी ऐंशी हजारच काढले. बियाणे घरचे होते. बँकेतून आल्यावर वहीचे नवे पान उघडले, वर ९ जून २०२५ लिहिले, खाली ८०,०००, आणि कडेला त्याचे एका दिवसाचे व्याज, १५ रुपये ३४ पैसे. पत्नीने पान पाहिले आणि मंजुरीपत्र मागितले. मुदतीची तारीख तिने स्वतःच्या हाताने, लाल पेनाने, त्याच पानाच्या डोक्यावर लिहिली.